१६ लिटरचा बॅटरी फवारणी पंप: टाकी, क्षेत्र आणि सुटे भाग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या दुकानात शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचे शेतकरी येतात आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांतली बागप्रेमी मंडळीही येतात. दोघांचे प्रश्न वेगळे असतात, पण सुरुवात एकाच प्रश्नाने होते: "एका टाकीत किती जागा होईल?" म्हणून पंपाची माहिती आधी सरळ सांगतो. टाकी १६ लिटर. रिकाम्या पंपाचे वजन बॅटरीसकट साधारण साडेपाच किलो. बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. सोबतच्या पोकळ शंकूच्या नोझलमधून मिनिटाला सुमारे ८०० मिली पाणी बाहेर पडते. भरात आलेल्या भेंडीवर एका टाकीत तीन गुंठ्यांच्या थोडे वर, आणि रोपे लहान असतील तर सहा गुंठ्यांपर्यंत फवारणी होते.

बाकीचे विक्रेते "एका टाकीत अर्धा एकर" लिहितात. तुमच्याकडे तीन गुंठेच का?

कारण अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, आणि १६ लिटर पाणी २० गुंठ्यांवर वाटले तर एका गुंठ्याला पाऊण लिटरच्या आसपास येते. तेवढ्या पाण्यात वाढलेल्या पिकाची वरची पानेसुद्धा धड भिजत नाहीत. मावा, तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसतात, तिथे तर औषध पोचणारच नाही.

एका टाकीत किती क्षेत्र होते हे फक्त टाकीवर ठरत नाही. नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडते, तुम्ही किती वेगाने चालता, फवारा किती रुंद पडतो आणि पीक किती वाढले आहे, या चार गोष्टींवर ते ठरते. पंप विकणाऱ्याला त्यातली पहिलीच गोष्ट माहीत असते. उरलेल्या तीन तुमच्या शेतात असतात. म्हणून आम्ही लिहिलेला आकडाही अंदाजच समजा. खरा आकडा तुम्ही स्वतः अर्ध्या तासात काढू शकता. कसा, ते पुढच्या प्रश्नात सविस्तर दिले आहे.

माझ्या शेतात एका टाकीत किती होईल, हे कसे काढायचे?

शेतात ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा एक तुकडा आखा आणि चारही कोपऱ्यांना काठ्या रोवा. हा बरोबर १ गुंठा झाला. पंपात साधे पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत भरा. औषध अजिबात घालायचे नाही. आता रोज जसे चालता, जसा लान्स हलवता, तसाच तो तुकडा फवारून काढा. पंप सपाट जागेवर ठेवून किती पाणी उरले ते पाहा. जेवढे कमी झाले, तेवढे पाणी तुमच्या एका गुंठ्याला लागते.

एक उदाहरण घेऊ. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याची २० गुंठे भेंडी आहे. पीक कमरेएवढे, ओळींत दोन फूट अंतर. पहिल्या खेपेला १० लिटरपैकी ६ लिटर उरले, म्हणजे गुंठ्याला ४ लिटर लागले. त्यांनी पानांच्या खाली हात लावून पाहिला तर मधली पाने कोरडी होती. दुसऱ्यांदा त्यांनी चाल थोडी मंदावली आणि लान्स खालून वर असा फिरवला. तेव्हा ५ लिटर लागले आणि पाने दोन्ही बाजूंनी ओली झाली. त्यांच्यासाठी आकडा ठरला: गुंठ्याला ५ लिटर. २० गुंठ्यांना १०० लिटर, म्हणजे सहा टाक्या आणि वर एक पाव टाकी. मिनिटाला ८०० मिली या हिशेबाने फवारणीचाच वेळ दोन तासांच्या थोडा वर जातो. टाकी भरायचा आणि बांधावर यायचा वेळ त्यात आणखी धरा.

याच शेतात तीन आठवड्यांपूर्वी रोपे वीतभर होती, तेव्हा ओळीवरून एकदाच लान्स फिरवून भागत होते आणि गुंठ्याला पावणेतीन लिटर पुरत होते. म्हणून ही चाचणी हंगामात एकदाच करून चालत नाही. पीक वाढले की पुन्हा करा.

मग औषध पंपाला किती मिली घालायचे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. गावात सगळे "पंपाला १० मिली", "पंपाला ३० मिली" असेच सांगतात. पण सांगणाऱ्याचा पंप ९ लिटरचा असेल, १५ चा असेल किंवा २० चा. तो भरभर चालत असेल, तुम्ही सावकाश. त्याचे "पंपाला" म्हणजे तुमचे "पंपाला" नव्हे.

औषधाच्या लेबलवर मात्रा हेक्टरी किंवा एकरी दिलेली असते आणि किती पाण्यात मिसळायची तेही दिलेले असते. त्या आकड्यावरूनच निघा. समजा लेबलवर एकरी १०० मिली, २०० लिटर पाण्यात, असे आहे. वरच्या शेतकऱ्याच्या २० गुंठ्यांना, म्हणजे अर्ध्या एकराला, ५० मिली लागणार. त्यांचे पाणी १०० लिटर. म्हणजे लिटरला अर्धा मिली, आणि १६ लिटरच्या भरलेल्या टाकीला ८ मिली. शेवटच्या पाव टाकीत, म्हणजे ४ लिटरमध्ये, २ मिली.

आता शेजारच्या वावरातला भरभर चालणारा माणूस घ्या. त्याला गुंठ्याला २.७ लिटरच पाणी लागते, म्हणजे एकराला १०८ लिटर, पावणेसात टाक्या. त्यानेही ऐकून "पंपाला ८ मिली" घातले तर एकराला जेमतेम ५४ मिली औषध पडते, लेबलवरच्या मात्रेच्या जवळपास निम्मे. कीड मरत नाही. मग तो दुकानदाराला म्हणतो की औषध नकली होते आणि पुढच्या वेळी अंदाजाने दुप्पट टाकतो. कमी मात्रेने किडी सरावतात, जास्त मात्रेने पाने करपतात आणि भेंडीत अंश राहतो. दोन्हींचे मूळ एकच, क्षेत्राचा चुकलेला हिशेब.

त्याने औषध वाढवण्याआधी चाल मंद करावी आणि पाणी लेबलच्या जवळ आणावे. मोजायला झाकणाऐवजी मिलीच्या खुणा असलेला मोजपेला वापरा. तो आम्ही पंपासोबत देतो. तो स्वयंपाकघरात कधीच न्यायचा नाही. औषधाच्या पेल्यावर रंगाने मोठी खूण करून तो शेतावरच ठेवा.

टाकी खरोखर १६ लिटरची आहे का? खूण बरोबर असते का?

घेतल्यावर एकदा तपासून घ्या. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजून टाकी भरा आणि प्रत्येक ४ लिटरला बाहेरून पक्क्या मार्करने रेघ ओढा. पंप सपाट जागेवर उभा असावा, कारण तिरका असला की खूण चुकते. आमच्या पंपाच्या १६ च्या खुणेनंतरही वर थोडी रिकामी जागा उरते. ती भरायची नाही. तोंडापर्यंत भरलेला पंप पाठीवर घेऊन वाकलात की झाकणाच्या वाऱ्याच्या भोकातून पाणी मानेवर येते.

काही ठिकाणी याच आकाराचा पंप १८ किंवा २० लिटरचा म्हणून विकला जातो. त्यात तोंडापर्यंतचे माप धरलेले असू शकते. विकत घेताना "खुणेपर्यंत किती?" असे विचारा.

भरलेला पंप किती जड होतो? घरची बाईमाणसे वापरतात.

१६ लिटर पाणी आणि रिकाम्या पंपाचे साडेपाच किलो मिळून साधारण साडेएकवीस किलो. ते पाठीवर घेऊन दोन तास ओल्या वावरात चालणे सोपे नाही. ताईंनी असो वा दादांनी, जड वाटत असेल तर १० लिटरच भरा. फेऱ्या वाढतील, पण पाठ दुखणार नाही. फक्त औषध लिटरच्या हिशेबाने मोजा, अर्धा मिली लिटरला तर १० लिटरला ५ मिली. पट्टे दोन्ही खांद्यांवर सारखे ओढून घ्या आणि टाकी कमरेच्या वर बसू द्या.

बॅटरी एका चार्जिंगमध्ये किती टाक्या काढते?

ही मोटर साधारण दोन ते अडीच अँपिअर विजेवर चालते. त्यामुळे नवी, पूर्ण भरलेली ८ अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांच्या आसपास टिकते, म्हणजे आठ-नऊ टाक्या. रेग्युलेटर कमी ठेवला तर जास्त. दोन-तीन हंगामांनंतर हे प्रमाण कमी होत जाते, त्यात पंपाचा दोष नाही. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला पाच-सहा तास लागतात.

बॅटरी खराब होण्याचे मुख्य कारण म्हणजे ती रिकामी करून कोपऱ्यात ठेवणे. पावसाळ्यात इकडे भाताची कामे असतात, पंप जूनपासून दिवाळीपर्यंत पडून राहतो. ही बॅटरी शिशाची आहे. रिकामी राहिली की आतल्या पत्र्यांवर थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून पंप ठेवून देताना बॅटरी पूर्ण भरा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. गावात लाइट जास्त जात असेल तर रात्री आठवणीने लावा, सकाळी काढा.

रेग्युलेटरचे बटण फिरवले तर काय बदलते?

दाब बदलतो, आणि दाबासोबत पाण्याचे प्रमाण आणि थेंबांचा आकारही. दाब वाढवला की थेंब बारीक होतात, वाऱ्याने उडतात आणि मिनिटाला पाणी जास्त जाते. म्हणून गुंठ्याची चाचणी ज्या खुणेवर केली, फवारणीही त्याच खुणेवर करा. बटणावर मार्करने ठिपका मारून ठेवा.

कोणती नोझल कशासाठी?

डब्यात दोन नोझल येतात. पोकळ शंकूच्या नोझलचा फवारा गोल आणि बारीक पडतो, तो कीटकनाशक आणि बुरशीनाशकासाठी. दुसरी चपट्या पंख्यासारखी, तिचा फवारा सरळ पट्ट्यात आणि जाड थेंबांचा पडतो, तो तणनाशकासाठी, म्हणजे उडून शेजारच्या पिकावर जाणार नाही.

पण आमचा सल्ला नोझल बदलून भागवण्याचा नाही. तणनाशकाला पंपच वेगळा ठेवा. २,४-डी सारखे तणनाशक भाताच्या बांधावर किंवा वावरात मारलेला पंप नीट न धुता भेंडी, टोमॅटो, वांग्यावर वापरला तर अगदी थोड्या अंशानेही पाने वाकडी, अरुंद होतात आणि शेंडा वळतो. पुष्कळ जण ते विषाणूजन्य रोगाचे लक्षण समजून आणखी औषध मारतात. पाईप आणि गाळणीच्या रबरात औषध मुरलेले असते, त्यामुळे एकदा धुऊन ते जात नाही. नवीन पंप परवडत नसेल तर तणनाशकासाठी जुना हातपंप ठेवा आणि त्यावर लाल रंगाची पट्टी ओढा.

डब्यात कोणते सुटे भाग येतात?

पंप, बॅटरी, चार्जर, दीड मीटरचा पाईप, ट्रिगर, दोन तुकड्यांचा लान्स, दोन नोझल, झाकणाखालची गाळणी, ट्रिगरच्या दांड्यातली बारीक गाळणी, मोजपेला आणि एका छोट्या पिशवीत सहा रबरी ओ-रिंग व वॉशर. ती पिशवी घरी आल्यावर हरवू देऊ नका. ट्रिगरमधून थेंब थेंब गळायला लागले की नव्वद टक्के वेळा त्यातलीच एक ओ-रिंग बदलून काम होते.

कोणता भाग आधी जातो आणि तो जात आहे हे कसे ओळखायचे?

आधी नोझल जाते. ती तुटत नाही, झिजते, म्हणून लक्षात येत नाही. तिचे भोक हळूहळू मोठे होते आणि तुम्हाला वाटते की फवारा मस्त जोरात येतो आहे. नवी नोझल असतानाच एक मिनिट घड्याळ लावून बाटलीत पाणी धरा आणि आकडा टाकीवर लिहून ठेवा. समजा ८०० मिली आले. दर महिन्याला पुन्हा मोजा. ८८० च्या वर गेले, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढले, की नोझल बदला. नोझलची किंमत औषधाच्या बाटलीपुढे काहीच नाही, आणि झिजलेली नोझल प्रत्येक टाकीला औषध वाया घालवते.

नोझल तुंबली तर तार किंवा खिळा घालून उघडू नका, त्याने भोक फाटते. तोंडाने फुंकूही नका, तिथे विष लागलेले असते. जुन्या टूथब्रशने पाण्यात घासा.

नोझलनंतर ट्रिगरच्या ओ-रिंग, मग पाईपचे टोक, जिथे तो क्लिपने आवळलेला असतो तिथे तो चिरतो. टोक दोन इंच कापून पुन्हा आवळले तर तोच पाईप आणखी एक हंगाम चालतो. मोटरच्या आतला रबरी पडदा नंतर जातो. त्याला डायाफ्राम म्हणतात. मोटरचा आवाज येतो, गाळण्या स्वच्छ आहेत, हवा अडकलेली नाही, तरी फवारा मरतुकडा, तर तो तपासा.

मोटर फिरते पण पाणी येत नाही. काय करू?

आधी बटण बंद करा. टाकी रिकामी तर नाही ना ते पाहा, मग झाकणाखालची गाळणी आणि दांड्यातली गाळणी काढून धुवा. विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी फडक्यातून गाळून भरत नसाल तर कारण बहुधा तिथेच सापडेल. मग नोझल काढून ट्रिगर दाबून धरा. नोझलशिवाय पाणी आले तर नोझलच तुंबलेली आहे. तरीही नाही आले तर मोटरमध्ये हवा अडकलेली असू शकते. टाकी अर्धी भरून ट्रिगर उघडा ठेवून मिनिटभर चालू द्या.

ट्रिगर सोडला की मोटर बंद पडते, तो बिघाड नाही. दाबाचा स्विच आपले काम करतो. पण फवारतानाच मोटर टक-टक करत बंद-चालू होत असेल तर पाणी पुढे जायला वाट नाही, म्हणजे पुन्हा नोझल किंवा बारीक गाळणी.

मोटर फिरतच नसेल तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी पावडर साचली आहे का ते पाहा. सुक्या फडक्याने पुसून वायर घट्ट बसवा, मग फ्यूज पाहा. ओल्या हाताने हे काम करू नका.

सुटे भाग दुसऱ्या पंपाचे बसतात का?

काही बसतात, काही नाही, आणि फोनवरून सांगणे धोक्याचे आहे. नोझल, ट्रिगर, पाईप यांत जुळणारे भाग सहज मिळतात, पण आटे आणि पाईपची जाडी मोजूनच घ्या. झाकण, मोटर बसवायची पट्टी आणि चार्जरची पिन प्रत्येक पंपाची वेगळी असू शकते. चार्जर तर पिन बसली म्हणून लावू नका, व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. जास्त व्होल्टचा चार्जर बॅटरी फुगवतो. सगळ्यात सोपे म्हणजे जुना भाग सोबत आणा. येणे जमत नसेल तर भागाशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो पाठवा.

फवारणीआधी पंप गळतो का हे पाहायचे, असे का सांगता?

कारण गळका पंप औषध पाठीवर ओततो आणि घामाने ओल्या कातडीतून ते शरीरात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पंप गिऱ्हाइकासमोर साध्या पाण्याने भरून, झाकण लावून, तिरका करून दाखवतो. तुम्हीही दर फवारणीला पाच मिनिटे हेच करा. पाठीमागचा शर्ट ओला झाला तर काम थांबवा, शर्ट बदला, पाठ साबणाने धुवा. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वारा पाठीवर घेऊन चाला, आणि कंबरेच्या वर गेलेल्या पिकात लान्स तोंडापुढे नेऊ नका. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर औषधाचे लेबल घेऊनच सरकारी दवाखान्यात जा.

फवारणी झाल्यावर पंप कसा धुवायचा?

तीन वेळा, थोडे थोडे पाणी घालून, प्रत्येक वेळी लान्समधूनही ते पाणी सोडून. धुण्याचे पाणी त्याच पिकावर किंवा बांधाच्या पडीक जागेवर सोडा, विहीर, ओढा, गुरांच्या पाण्याच्या टाकीजवळ नाही.

माझी गच्चीवर वीस-पंचवीस कुंड्या आहेत. हाच पंप घेऊ का?

नको. १६ लिटरचा पंप तुम्हाला नुसते ओझे होईल आणि मिसळलेले औषध उरेल. २ लिटरचा हवेच्या दाबाचा छोटा हातपंप पुरेल. सोसायटीत फवारताना खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आधी काढायला सांगा आणि निंबोळी अर्कासारखे सौम्य द्रावणही मोजूनच घाला.

आंब्याच्या झाडांना चालेल का?

कलमे हाताच्या उंचीची असेपर्यंत चालेल. पुढे लान्सला जोडनळी लावून दहा-बारा फुटांपर्यंत फवारा जातो. मोठ्या झाडाच्या शेंड्याला तो पोचत नाही, आणि खाली उभे राहून वर मारलेले औषध तुमच्याच तोंडावर पडते. मोठ्या बागेला लांब पाईपचा इंजिनवरचा पंप भाड्याने घ्या.

डबल मोटरचा घ्यावा का?

भाजीपाल्याला गरज नाही. दोन मोटरी पाणी जास्त फेकतात, टाकी लवकर संपते, बॅटरीही. घेतलाच तर गुंठ्याची चाचणी नव्याने करा, कारण आधीच्या पंपाचा "टाकीला किती" हा हिशेब त्याला लागू होणार नाही.

पंपासोबत आणखी काय घेऊन जावे?

एक जादा पोकळ शंकूची नोझल, ट्रिगरच्या ओ-रिंगचा एक जादा संच आणि पाईपच्या दोन क्लिपा. शहापूर-मुरबाडहून फवारणीच्या ऐन दिवशी एका रबरी कडीसाठी ठाण्याला यावे लागणे परवडत नाही. बॅटरी जादा घेऊन ठेवू नका, न वापरता पडूनही ती खराब होते. ती लागेल तेव्हाच घ्या आणि घेताना तिच्यावरचा तयार केल्याचा महिना वाचून घ्या.